तापात आजी पाणीच पीत नव्हती: एका घरातलं पूर्ण प्रकरण

मी बीड जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं ऊस तोडायला कारखान्याला जातात, मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. हे प्रकरण अशाच एका घरातलं आहे. सविस्तर लिहितेय कारण असा पेशंट दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात प्रत्येक गावात सापडतो, आणि बऱ्याचदा सापडतो तोपर्यंत उशीर झालेला असतो. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव दिलेलं नाही.

आजींचं वय 74, वजन 48 किलोच्या आसपास. बीपी आहे, शुगर नाही, हार्टचा त्रास नाही. बीपीसाठी आमच्याकडूनच टेल्मीसार्टन आणि क्लोरथॅलिडोन चालू, क्लोरथॅलिडोन म्हणजे लघवी जास्त करून बीपी कमी करणारी गोळी. दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा-सून कोयत्यावर, घरात फक्त तेरा वर्षांची नात. आशाताई गृहभेटीला गेल्या तेव्हा नात म्हणाली, "आजीला परवापसून ताप हाय, कालपसून नुसती पडून हाय, जेवंना बी." आशाताईंनी विचारलं पाणी पिते का, तर आजी स्वतःच बोलल्या, "पिते की." इथंच बरीच प्रकरणं संपतात, कारण पेशंट पितो म्हणाला म्हणजे पितो असं आपण धरतो. आशाताईंनी मात्र उशाशी ठेवलेला तांब्या उचलून बघितला आणि नातीला विचारलं हा कधी भरला, तर म्हणे सकाळी, आणि तांब्या जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेलाच होता. त्यांनी मला लगेच फोन केला.

मी पोचले तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. ताप 102, नाडी 104, पडून घेतलेलं बीपी 112/70. आता 112 हा आकडा नुसता बघितला तर कुणीही म्हणेल नॉर्मल आहे, छान आहे. पण आजींचं बीपी गोळ्या घेऊनसुद्धा दर महिन्याला 138-140 असतं, आमच्या रजिस्टरलाच आहे, म्हणजे त्यांच्या हिशोबानं ते उतरलेलं होतं. मग त्यांना आधार देऊन खाटेच्या कडेला बसवलं, दोन-तीन मिनिटं थांबून परत घेतलं तर 90/60, आणि म्हणाल्या गरगरतंय. बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर वरचं बीपी 20 किंवा त्याहून जास्त पडलं तर रक्ताच्या नळ्यांमध्ये पाणी कमी पडलंय अशी शंका घ्यायचीच, औषधांनी पण पडतं ते खरं, पण इथं दोन्ही कारणं हजर होती. वजन मी मुद्दाम केलं नाही, बसल्यावरच गरगरणाऱ्या माणसाला काट्यावर उभं करायचं नसतं, पडून खुबा मोडला तर ताप परवडला म्हणायची वेळ येते.

हाताची चिमटी मी बघितलीच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडं सगळ्यांना तेच माहीत असतं, कातडी ओढायची, सोडायची, उभी राहिली तर पाणी कमी. लहान लेकरात ठीक आहे ते. सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या हाताची कातडी पाणी भरपूर असलं तरी उभी राहते कारण तिचा ताणच गेलेला असतो, आणि उलट कधी धोका असून चिमटी बरी दिसते. म्हणून म्हाताऱ्या माणसात चिमटीवर निर्णय घ्यायचा नाही. मी जीभ बघते. आजींची जीभ कोरडी, मधोमध उभ्या भेगा पडल्यासारखी. पण ताप आलेलं माणूस तोंडानं श्वास घेतं त्यानंही जीभ सुकते, म्हणून गालाच्या आतली बाजू आणि जिभेखालचं पण बघायचं, तिथं एरवी लाळ चमकते, आजींच्या इथं नुसती चिकट तार होती. नातीनं सांगितलं दुपारी पॅरासिटामॉल दिली ती टाळूलाच चिकटून बसली, आजीनं बोटानं काढली. एवढं ऐकलं तरी मला पुरेसं होतं. काखेत हात घालून बघितला, तापाच्या माणसाची काख एरवी थोडी तरी ओलसर लागते, इथं ठणठणीत कोरडी.

पण या सगळ्या खुणांपैकी एकटी कुठलीही खूण भरवशाची नाही. तीन-चार गोष्टी एका दिशेला बोट दाखवायला लागल्या की मग मानायचं. आणि त्यात मी सगळ्यात जास्त वजन देते ते लघवीला आणि बोलण्याला. लघवी नातीला विचारली, आधी लाजली, मग म्हणाली सकाळी उठल्यावर एकदा आणि दुपारी एकच्या सुमाराला एकदा, "उलीशी झाली, अन् लई पिवळी व्हती, वास बी मारत व्हता." म्हणजे दिवसभरात दोनदा, आणि शेवटची होऊन साडेचार तास झालेले. बोलण्याचं म्हणाल तर आजींना मी कोण ते कळत होतं, वार कुठला ते पण सांगितलं, फक्त उत्तर यायला वेळ लागत होता आणि मधेच डोळे मिटत होत्या. गोंधळ नव्हता, असता तर मी पुढचं काही न करता 108 बोलावली असती. नेहमी नीट बोलणारं म्हातारं माणूस तापात अचानक बरळायला लागलं, लेकीला सून म्हणायला लागलं, तर ते वयामुळं होतंय असं कुणी म्हटलं तरी ऐकायचं नाही, त्या रात्रीच हलवायचं.

तहान लागत नाही का, हे सगळे विचारतात. नाहीच लागत. वय वाढलं की मेंदूतलं तहान लागण्याचं केंद्र मंदावतं, अंगात पाणी कमी झालं तरी घशाला कोरड पडल्याची जाणीव उशिरा होते. किडनीला पण तरुणपणासारखी घट्ट लघवी करून पाणी वाचवता येत नाही. अंगात मुळात पाण्याचा साठाच कमी असतो, आणि वरून ताप म्हणजे श्वासातून, घामातून जास्तीचं पाणी जाणार. त्यामुळं "तहान लागली की पितील" या वाक्यावर म्हाताऱ्या माणसाला सोडता येत नाही.

तरी नुसती तहान मेली म्हणून कुणी इतकं कमी पीत नाही, आणखी काहीतरी कारण असतं आणि ते विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. मी नातीला चहा ठेवायला आत पाठवलं आणि आजींच्या शेजारी बसून विचारलं, आजी, पाणी का नको वाटतं? आधी म्हणाल्या, "तोंडाला चव न्हाई गं माय, पानी कडू लागतंय." मग थोड्या वेळानं, "अन् पिलं की रातीला उठा. संडास तिकडं गोठ्याच्या पल्याड. सून असती तर धरून नेती. लेकराला किती बाऱ्या उठवू?" म्हणजे सून गेल्यापासून दुपारी चारनंतर त्या पाणीच घेत नव्हत्या, तापाच्या आधीपासूनच. आणि शेवटी अगदी हळू आवाजात, "आग बी व्हतीय. पोरीसमोर काय सांगू."

हे तिसरं कारण महत्त्वाचं. लघवीला आग होते म्हणून पाणी कमी प्यायचं म्हणजे लघवी कमी होईल, असा सरळ हिशोब बायका करतात, आणि पाणी कमी झालं की लघवी आणखी घट्ट, आग आणखी जास्त, जंतू धुवून जायला लघवीच नाही. तापाचं मूळ तिथं असणार असं मला तिथंच वाटलं. मलेरियाची रॅपिड टेस्ट केली, निगेटिव्ह.

मग औषधं बघितली. नेहमीच्या दोन गोळ्या आजी न चुकता घेत होत्या, जेवण नाही पाणी नाही तरी बीपीची गोळी सकाळी पोटात, कारण आम्हीच बजावून ठेवलंय की बीपीची गोळी चुकवायची नाही. आणि उशीखाली एक वेगळी स्ट्रिप सापडली, गुडघ्यासाठी आणि अंगदुखीसाठी कुणीतरी दुकानातून आणून दिलेली, डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली. चार गोळ्या संपलेल्या. हे मला लघवीच्या रंगाइतकंच गंभीर वाटलं. पाणी कमी पडलेली किडनी आपला रक्तपुरवठा कसाबसा सांभाळत असते, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या ती सांभाळच काढून घेतात, टेल्मीसार्टन दुसऱ्या बाजूनं दाब कमी करतं आणि क्लोरथॅलिडोन असलेलं पाणी बाहेर काढतं. तिन्ही एकत्र आणि वर ताप, जुलाब किंवा उपास, यानं चांगली असलेली किडनी काही दिवसांत बसते. शिवाय दुपारची वेगळी पॅरासिटामॉल आणि या स्ट्रिपमधली पॅरासिटामॉल, म्हणजे एकच औषध दोन नावांनी जात होतं. आमच्याकडं या सीझनला डेंग्यू पण असतो, त्यातही ही दुखण्याची गोळी नकोच असते.

पीएचसीच्या डॉक्टरांना फोन लावून सगळे आकडे सांगितले. आजी जाग्या आहेत, गिळता येतंय, उलटी नाही, ऑक्सिजन 96, पायावर सूज नाही, पडल्यावर दम लागत नाही. शेवटच्या दोन गोष्टी मी आवर्जून सांगितल्या कारण हार्ट फेल किंवा किडनीचा जुना पेशंट असेल तर भरपूर पाणी पाजा हा सल्ला उलटतो, तिथं डॉक्टर मोजून सांगतील तेवढंच. डॉक्टरांनी ठरवलं ते असं: दुखण्याची स्ट्रिप बंद, बीपीच्या दोन्ही गोळ्या ते कळवेपर्यंत थांबवायच्या, फक्त पॅरासिटामॉल 500 सहा-सहा तासांनी, तीही ताप असला तर, आणि आत्तापासून तोंडानं ओआरएस. रात्री नऊपर्यंत लघवी झाली नाही, किंवा गुंगी वाढली, किंवा उलटी झाली, तर 108 नं ग्रामीण रुग्णालयात. झाली तर सकाळी पीएचसीत आणायचं. गोळ्या थांबवायचा निर्णय डॉक्टरांचा होता हे मुद्दाम सांगते, वाचून कुणी आपल्या मनानं बीपीच्या गोळ्या बंद करू नयेत, पण तापाच्या माणसाचं पिणं थांबलंय तेव्हा डॉक्टरांना "या गोळ्या चालू ठेवू का" एवढं विचारायचंच.

तेवढ्यात सुनेचा कारखान्यावरून फोन, रडायच्या बेतात. "ताई, सलाईन लावा ना, पैसं मी धाडते." सलाईनचा आग्रह आपल्याकडं प्रत्येक घरात होतो म्हणून तिला जे सांगितलं ते इथं पण सांगते. अर्धा लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, ताकदीचं काही नसतं. गोडाची बाटली असेल तर त्यात 25 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाचएक चमचे साखर. गिळता येत असेल, उलटी नसेल, शुद्ध असेल तर तेच पाणी-मीठ-साखर पोटातून जातं, आणि म्हाताऱ्या माणसात शिरेतून भरभर गेलेलं पाणी फुफ्फुसात साठायचा धोका असतो तो तोंडानं घोटघोट दिलं की फार कमी होतो. पण तोंडानं जात नसेल, गुंगी असेल, लघवीच होत नसेल, तर सलाईन लागतंच, आणि ते खाटेवर खिळ्याला अडकवून नाही, दवाखान्यात, रक्त तपासून. सुनेला पटलं, म्हणाली नऊला फोन करते.

ओआरएसचं पाकीट मी नातीकडूनच बनवून घेतलं. 20.5 ग्रॅमचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, एकदम. लिटरची रिकामी बाटली घरात होती, तिनंच मोजलं. लोक काय करतात, थोडी पावडर ग्लासात टाकतात आणि उरलेलं पाकीट दुमडून ठेवतात, त्यानं पाणी कधी खारट कधी आळणी होतं, आणि जास्त खारट झालं तर फायद्याऐवजी नुकसान. एकदा बनवलेलं 24 तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. नुसतं साधं पाणीच भरपूर का नाही, तर आजींचं दोन दिवस जेवण नाही म्हणजे मीठ नाही, आणि क्लोरथॅलिडोननं सोडियम आधीच बाहेर गेलेलं, अशात नुसत्या पाण्यानं रक्तातलं सोडियम आणखी खाली जाऊन गोंधळ व्हायला लागतो.

आता पाजणं. "आजे, पानी पी की" असं नात दोन दिवस म्हणतच होती, उत्तर "नगं" हेच. विचारलं की नको येतं, कारण खरंच नको असतं. म्हणून विचारायचं नाही, हातात द्यायचं. आजींना भिंतीला टेकवून, पाठीला वळकटी लावून ताठ बसवलं, पडून पाजलं तर ठसका लागून श्वासनळीत जातं. मोठा ग्लास बाजूला ठेवला, भरलेला ग्लास बघूनच तापाच्या माणसाला मळमळतं. छोटी चहाची स्टीलची वाटी घेतली, तिच्यात 50 मिली बसतं, इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजून बघितलं. दर पंधरा मिनिटांनी एक वाटी, म्हणजे तासाला 200 मिली. वाटी आजींच्याच हातात, मी फक्त खालून हात लावलेला, कारण स्वतःच्या हातानं पिताना माणूस गिळायला तयार असतं. पहिली वाटी तोंड वाकडं करून घेतली, दुसरीत अर्धीच. मग ओआरएस माठातल्या पाण्यात वाटी ठेवून गार केलं तर जरा बरं गेलं. सोबत मी पण चहा घेत बसले, आशाताई पण बसल्या, गप्पा सुनेच्या आणि उसाच्या, आणि वाटी हातात येत राहिली. आठ वाजेपर्यंत साधारण 350 मिली गेलं. ताप 100.4 वर आला.

पण त्याच्या आधी आम्ही एक काम केलं आणि माझ्या मते अर्धा फरक त्यानं पडला. खाटेला लागून झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा ठेवला, बाजूला धरायला जड खुर्ची, आणि बल्बचं बटण आजींच्या हाताला लागेल असं वायर ओढून घेतलं. आजींना म्हटलं रात्री गोठ्याकडं जायचंच नाही, लेकराला उठवायचं नाही, इथंच बसायचं. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली की डबा सकाळी कोण टाकणार, शेजारची चुलत जाऊ म्हणाली मी टाकते, तुमी पिवा. त्यानंतरच्या वाटीला "नगं" आलं नाही.

साडेआठला लघवी झाली. पाऊण पेला, गडद, आग होतेय म्हणाल्या, पण झाली. बसवून बीपी 104/66, गरगर कमी. आशाताई त्याच गल्लीत राहतात, रात्रीचं त्यांनी बघायचं ठरलं. झोपेतून मुद्दाम उठवायचं नाही, लघवीला उठतील तेव्हा अर्धा ग्लास. आणि हाक मारून नीट उत्तर देत नसतील, श्वास भरभर चालत असेल, तर माझ्या फोनची वाट न बघता 108.

सकाळी पीएचसीत लघवीची पट्टी इन्फेक्शनची आली, डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं, रक्त ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. क्रिएटिनिन 1.6 आलं. आजींचं उन्हाळ्यात 0.9 होतं, म्हणजे किडनीला धक्का लागलेला होता, अजून दोन दिवस त्याच गोळ्या आणि तेवढंच पाणी चाललं असतं तर हा आकडा कुठं गेला असता माहीत नाही. डॉक्टरांनी दिवसाला दोन लिटरच्या जवळपास न्यायला सांगितलं.

दोन लिटर म्हटलं की घरच्यांना धडकीच भरते म्हणून ते दिवसावर पसरलं. सकाळी चहा 100 मिली, चहा पण पाण्यातच मोजायचा, चहानं पाणी जातं म्हणून तोडायची गरज नाही, उलट जे आवडतं ते आधी. ओआरएसची लिटरची बाटली दिवसभर. दुपारी आणि चारला मीठ घातलेलं पातळ ताक 200-200. संध्याकाळी मुगाचं कढण 200, आणि गोळ्यांबरोबर दर वेळी घोटभर नाही तर अर्धा ग्लास, तसं दोन वेळचं मिळून 200. झालं 1900. आजींना ज्वारीच्या कण्या पातळ करून हव्या होत्या, त्या दिल्या, त्यातलं पाणी वेगळं मोजलंच नाही. नातीनं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने केले, पिलं आणि लघवी, प्रत्येक वेळी रेघ आणि शेजारी रंग, "चहासारखी", "तेलासारखी", "फिकी". त्या पानावरून मला फोनवर सगळं कळत होतं. त्या दिवशी पाच वेळा लघवी, शेवटच्या दोन फिक्या. जीभ ओली दिसायला लागली, पण बोलणं त्याच्या आधी सुधारलं, दुपारीच नातीला भांडी नीट घासली नाहीस म्हणून बोलल्या.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. दोन लिटरचं ओझं तिथं संपवलं, नेहमीचं साधारण दीड लिटर चालू ठेवलं आणि ओआरएस बंद केलं, ताप नाही, जेवण चालू, तर बीपीच्या माणसाला मिठाचं पाणी विनाकारण पाजत बसायचं नसतं. बीपी परत वर चढायला लागलं, पाचव्या दिवशी 144/86, तेव्हा डॉक्टरांनी आधी टेल्मीसार्टन सुरू केलं आणि क्लोरथॅलिडोन क्रिएटिनिनचा रिपोर्ट परत येईपर्यंत थांबवलं. तो आठवड्यानं आला, 1.0. मग तीही गोळी सुरू झाली, सकाळीच घ्यायची, म्हणजे जास्तीची लघवी उजेड असताना होऊन जाते. आजींच्या बीपी कार्डावर डॉक्टरांनी लाल पेननं लिहिलंय की ताप, उलटी किंवा जुलाब होऊन खाणं-पिणं थांबलं तर त्याच दिवशी फोन करून गोळ्यांचं विचारायचं आणि दुखण्याची गोळी दुकानातून आणायची नाही. डबा खाटेजवळच आहे, सून मार्चमध्ये येईपर्यंत तो हलवू नका असं मी नातीला सांगून आलेय.